डिझायनरचं मत, फाउंडरचा पैसा

२०१७मध्ये कॅनडातला स्टीव्ह शोगर हा डिझायनर ट्विटरवर बारीकसारीक सूचना टाकू लागला. एका पोस्टमध्ये एकच सूचना आणि सोबत चित्र: आधीचा स्क्रीन असा, बदलल्यावर असा. रंगीत पार्श्वभूमीवर करडी अक्षरं वापरू नका. प्रत्येक चौकटीला रेघ मारायची गरज नाही, मधे मोकळी जागा सोडली तरी दोन गोष्टी वेगळ्या दिसतात. लहान आकारासाठी काढलेलं आयकॉन ताणून मोठं करू नका. सूचना अशा साध्या असत. डिझाइन शिकलेल्या माणसाला त्यात नवं काही नव्हतं, आणि त्या त्याच्यासाठी नव्हत्याच. त्या होत्या स्वतःच्या हाताने प्रॉडक्ट उभं करणाऱ्या आणि डिझायनर परवडत नसलेल्या प्रोग्रॅमरांसाठी.

फेब्रुवारी २०१८मध्ये शोगरने सहकारी अॅडम वॉदनबरोबर अशाच सात सूचनांचा लेख लिहिला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये दोघांचं ‘रिफॅक्टरिंग यूआय’ हे पुस्तक आलं, तेव्हा ते विकत घेणारे लोक आधीच तयार होते. वॉदनने सुरू केलेलं टेलविंड सीएसएस आज जगभरचे वेबसाइट बांधणारे वापरतात, आणि त्यामागच्या कंपनीचा शोगर हा भागीदार. स्क्रीनवर चार गोष्टी कुठे ठेवायच्या हे ज्याचं काम, त्याचं नाव अशा लोकांच्या तोंडी बसलं की ज्यांनी त्याच्याकडून एकही काम करून घेतलं नव्हतं.

शोगरच्या बहुतेक पोस्ट एकट्या असत, लांब थ्रेड नव्हे. पण त्यातून जी वाट पडली, तिच्यावरून आज बेंगळुरू, मुंबई, पुण्यापासून सॅन फ्रान्सिस्कोपर्यंतचे असंख्य प्रॉडक्ट डिझायनर चालताना दिसतात. एक्सवर, म्हणजे जुन्या ट्विटरवर, किंवा मेटाच्या थ्रेड्सवर ते चार-सहा पोस्टची माळ लिहितात. तिच्यात प्रॉडक्टबद्दल एखादं ठाम मत असतं, आणि ते एखाद्या स्टार्टअपच्या फाउंडरच्या नजरेला पडावं अशी इच्छा. यातल्या बऱ्याच जणांच्या हाती लाइक येतात, काम येत नाही. असं का होतं, ते समजून घेण्यासारखं आहे.

आधी या माळेबद्दल थोडं. ट्विटरची १४० अक्षरांची मर्यादा मोबाइलच्या एसएमएसमुळे आली होती. एसएमएसमध्ये १६० अक्षरं मावत, त्यातली २० नावासाठी राखून ठेवली जात. लांब बोलायची सवय असलेल्यांना ती पुरेना. २०१४मध्ये मार्क अँड्रीसन या गुंतवणूकदाराने एकाखाली एक क्रमांक टाकून पोस्टच्या रांगा लावण्याचा सपाटा लावला, आणि ती पद्धत स्टार्टअपच्या जगात रुळली. नोव्हेंबर २०१७मध्ये मर्यादा २८० झाली आणि पुढच्याच महिन्यात ट्विटरने थ्रेड लिहिण्याची अधिकृत सोय दिली. आता एक्सवर पैसे भरणाऱ्याला हजारो अक्षरं लिहिता येतात, थ्रेड्सवर एका पोस्टला ५०० मिळतात. तरीही तुकड्यातुकड्यांनी लिहिण्याची रीत टिकली, कारण फोनवर अंगठा सरकवणारा माणूस एका तुकड्यावर थांबतो. मराठीत लिहिणाऱ्याने एक लक्षात ठेवावं: एक्सच्या मोजणीत काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार यांचं प्रत्येकी एक अक्षर धरलं जातं. त्यामुळे २८०मध्ये दिसायला बरंच कमी मावतं.

आता मुख्य प्रश्न. डिझायनरचं काम डोळ्यांना दिसणारं, मग त्याने शब्दांच्या वाटेला का जावं? चित्रं दाखवायला ड्रिबल, बिहान्स अशा जागा आहेतच. अडचण अशी की फाउंडरला चित्रावरून फारसं कळत नाही. इंटरकॉम या कंपनीतल्या पॉल अॅडम्स यांनी २०१३मध्ये यावर एक गाजलेला लेख लिहिला होता. नोकरीसाठी येणारे डिझायनर दिसायला देखणे स्क्रीन आणतात, पण तो स्क्रीन कुठल्या अडचणीवर उतारा आहे, धंद्याला त्यातून काय मिळणार, मागे कोणती व्यवस्था चालते याचा त्यात पत्ता नसतो, असा त्यांचा आक्षेप होता. त्यांच्या मते डिझाइनचे थर असतात. आधी काय साधायचं ते ठरतं, मग रचना, मग वापरण्याची रीत, आणि सगळ्यात वर रंगरूप. ड्रिबलवर बहुतेकदा तो वरचा थरच दिसतो.

पहिला डिझायनर शोधणाऱ्या फाउंडरला खालचे थर तपासायचे असतात. पाच-दहा माणसांच्या कंपनीत डिझायनरला कोणी तयार आराखडा आणून देत नाही. कोणता स्क्रीन करायचाच नाही, कोणता आधी करायचा, कुठे तडजोड चालेल, हे त्यानेच सांगायचं असतं. फाउंडर त्याच्या या निर्णयशक्तीचे पैसे देतो, आणि ती पोर्टफोलिओतल्या तयार चित्रात दिसत नाही. थ्रेडमध्ये मात्र ती शितावरून भाताची परीक्षा करावी तशी चाखता येते: या माणसाने एक स्क्रीन घेतला, त्यातली एक चूक निवडली, तिची किंमत मोजली, आणि आपलं म्हणणं कुठे लागू पडत नाही तेही सांगितलं.

फाउंडरच्या भाषेत डिझाइन कसं बोलायचं याचा नमुना म्हणून एक जुनी गोष्ट अजून सांगितली जाते. जॅरेड स्पूल या अमेरिकी तज्ज्ञाने २००९मध्ये एका मोठ्या ऑनलाइन दुकानाचा अनुभव लिहिला. वस्तू घेऊन पैसे भरायला निघालेल्या ग्राहकाला तिथे आधी खातं उघडायला सांगत. पहिल्यांदा आलेले चिडत, आणि जुने आपला पासवर्ड विसरलेले असत. स्पूलच्या चमूने ‘नोंदणी करा’ हे बटण काढून ‘पुढे चला’ असं बटण ठेवलं आणि खाली एक ओळ लिहिली: खरेदीसाठी खातं उघडायची गरज नाही. खरेदी पूर्ण करणाऱ्यांची संख्या ४५ टक्क्यांनी वाढली आणि वर्षभरात ३० कोटी डॉलरची जादा विक्री झाली. गोष्ट चार-पाच वाक्यांत संपते. रंग किंवा फॉण्ट यांचा तिच्यात उल्लेखही नाही. आहे तो एक स्क्रीन, त्यावर अडणारा माणूस, आणि अडल्यामुळे बुडणारा पैसा. फाउंडरसाठी लिहिलेल्या चांगल्या थ्रेडचा सांगाडा हाच असतो.

असा एक थ्रेड प्रत्यक्ष बांधून बघू. समजा, चार वर्षं अनुभव असलेली एक प्रॉडक्ट डिझायनर आहे आणि तिला ग्राहकांना थेट माल विकणाऱ्या छोट्या स्टार्टअपचं काम हवं आहे. तिचा पहिला मसुदा साधारण असा असतो: ऑनबोर्डिंग ही ग्राहकाशी पहिली ओळख असते, चांगल्या ऑनबोर्डिंगचे सात नियम, खाली वाचा. हे कोणीही लिहू शकतं आणि रोज शेकडो लोक लिहितात. २०२१-२२च्या सुमारास अशा याद्यांचा इतका पूर आला की थ्रेड लिहून प्रसिद्धी मिळवणाऱ्यांची टिंगल करायला इंग्रजीत एक वेगळा शब्दच निघाला. सात नियमांतला एकही चुकीचा नसतो, पण त्यातून लिहिणारीचा एकही निर्णय दिसत नाही.

आता तिने एकच मत निवडलं, की अॅप उघडल्याबरोबर मोबाइल नंबर मागू नये. भारतातल्या अॅपमध्ये हा स्क्रीन सर्रास असतो, म्हणून वाचणाऱ्या फाउंडरच्या अॅपमध्येही तो असण्याची शक्यता दाट. असे थ्रेड एरवी बहुतेक इंग्रजीत लिहिले जातात. मराठीत तो असा होईल.

पहिली पोस्ट: ‘अॅप उघडल्याबरोबर मोबाइल नंबर मागणारा स्क्रीन काढून टाका. जाहिरातीवर खर्च करून आणलेला माणूस वस्तू बघायच्या आधीच तिथून परत जातो, आणि तो खर्च कुठल्याच हिशेबात दिसत नाही.’

दुसरी: ‘समजा एक इन्स्टॉल ४० रुपयांना पडतं. हजार जण आले, ३०० जण नंबरच्या स्क्रीनवरून परतले. १२ हजार रुपये गेले. तुमचा खरा आकडा काढा: अॅप उघडणारे किती, ओटीपी भरणारे किती?’

तिसरी, चित्रासह: ‘डावीकडे सध्याचा क्रम: नंबर, ओटीपी, मग दुकान. उजवीकडे बदललेला: आधी दुकान, मग वस्तू पिशवीत, आणि पत्ता विचारताना नंबर. तिथे नंबर कशाला हवा हे ग्राहकाला समजावावं लागत नाही.’

चौथी: ‘हे सगळीकडे चालणार नाही. लोकांचे पैसे सांभाळणारं अॅप असेल तर ओळख आधीच पटवावी लागते. पहिल्या खरेदीवर मोठी सूट देत असाल, तर नंबराशिवाय तीच माणसं पुन्हा पुन्हा सूट उकळतील.’

पाचवी: ‘तुमच्याकडे नंबर आधी मागण्याचं आणखी वेगळं कारण असेल तर खाली लिहा. प्रत्येकाला उत्तर देईन.’

यातली चौथी पोस्ट बहुतेक डिझायनर लिहीत नाहीत, कारण अपवाद सांगितला की मत लेचंपेचं वाटेल अशी त्यांना भीती वाटते. होतं उलटं. फाउंडरने तो स्क्रीन काही वेडेपणाने ठेवलेला नसतो. त्याच्यामागे फसवणुकीचा अनुभव असतो, नियमाची सक्ती असते किंवा गुंतवणूकदाराला दाखवायचा नोंदणीचा आकडा असतो. हे कारण डिझायनरला आधीच ठाऊक आहे असं दिसलं की तो पुढे वाचतो. ‘नेहमी’, ‘कधीच नाही’ अशी वाक्यं टाळ्या घेतात, पण ज्याच्या खिशातून पैसे जातात तो ती वाचून पुढे सरकतो.

दुसऱ्या पोस्टमधला आकडा काल्पनिक आहे आणि तसं सांगितलेलं आहे, हेही महत्त्वाचं. आपल्या नोकरीतले खरे आकडे डिझायनरला उघड करता येत नाहीत. बहुतेक करारांत गुप्ततेचं कलम असतं, आणि कंपनीचं नाव झाकलं तरी वाचणाऱ्याला डिझायनर कुठे नोकरी करते ते माहीत असतंच. म्हणून एकतर सर्वांना दिसणारं अॅप घ्यावं, किंवा ‘समजा’ म्हणून सरळ बेरीज-वजाबाकी दाखवावी. ‘या बदलाने विक्री ४० टक्के वाढली’ असं बिनपुराव्याचं वाक्य ठोकून देण्याचा मोह फार असतो. अनुभवी फाउंडर त्यावर लगेच विचारतो, किती लोकांवर, किती दिवस? तिथे उत्तर नसेल तर पुढचे दहा थ्रेड वाया जातात.

पाचव्या पोस्टचं कारण निम्मं सभ्यतेचं आणि निम्मं यंत्राचं आहे. ३१ मार्च २०२३ रोजी ट्विटरने कोणती पोस्ट कोणाला दाखवायची हे ठरवणाऱ्या प्रणालीचा बराचसा कोड खुला केला. त्याबरोबर काही वजनंही जाहीर झाली. वाचक अमुक कृती करेल याची शक्यता यंत्र आधी अंदाजाने काढतं, आणि त्या शक्यतेला त्या कृतीच्या वजनाने गुणतं. त्या वेळच्या यादीत लाइकचं वजन ०.५ होतं, पोस्ट पुढे पाठवण्याचं १, उत्तर देण्याचं १३.५, आणि वाचकाच्या उत्तराला लेखकाने प्रतिसाद देण्याचं ७५. म्हणजे लेखकाने सांभाळलेला एक संवाद १५० लाइकच्या तोलाचा. तक्रारीचं वजन होतं उणे ३६९. ही वजनं बदलत असतात, आजही तीच असतील असं धरून चालू नये. पण पोस्ट टाकून निघून जाणारा माणूस का मागे पडतो, याची त्यातून कल्पना येते.

आणि खरी परीक्षा त्या उत्तरांतच होते. वरच्या थ्रेडखाली एखादा फाउंडर हमखास लिहील: नंबरच नसेल तर पिशवीत वस्तू टाकून निघून गेलेल्या ग्राहकाला व्हॉट्सअॅपवर आठवण कशी करायची? आक्षेप रास्त आहे. इथे ‘ग्राहकाचा अनुभव महत्त्वाचा’ असं गुळमुळीत उत्तर दिलं तर थ्रेड संपला. डिझायनरने तोही हिशेब मांडायला हवा: आठवणीचा मेसेज गेल्यावर परत येऊन खरेदी करणारे किती, आणि नंबरच्या स्क्रीनवरून परत गेलेल्यांपैकी एरवी खरेदी करू शकले असते असे किती. दोन्हींची तुलना होईल तेव्हाच क्रम ठरेल. फाउंडर म्हणेल, मग अर्ध्या लोकांना हा क्रम दाखवू, अर्ध्यांना तो. त्यावर तिला आणखी एक गोष्ट सांगता यायला हवी. दिवसाला थोडेच लोक येत असतील तर अशा चाचणीतून लवकर काही कळत नाही. हजारांतले वीस जण खरेदी करत असतील तर पाचशे-पाचशेच्या गटांत एकीकडे १० खरेद्या होतील, दुसरीकडे १३, आणि हा फरक निव्वळ योगायोगाचाही असू शकेल. अशा वेळी दहा ग्राहकांना समोर बसवून अॅप वापरताना बघणं जास्त उपयोगाचं. असं उत्तर देणारी डिझायनर फाउंडरला लक्षात राहते, मग थ्रेडला वीसच लाइक मिळालेले असोत.

म्हणूनच लाइकचा आकडा फसवा. डिझायनरच्या मताला सगळ्यात जास्त दाद इतर डिझायनर देतात, कारण त्या जगात सगळे एकमेकांना फॉलो करतात. ‘फाउंडरांना डिझाइनची किंमत कळत नाही’ असं लिहिलं की हजारो लाइक सहज मिळतात, फक्त काम देणारा त्यांत नसतो. उलट तो ते वाचून दुखावतो. थ्रेड योग्य जागी पोचला की नाही ते ओळखायचं तर कोण बोलतंय ते पाहावं लागतं: उत्तरं देणाऱ्यांत स्वतःची कंपनी चालवणारे किती, आपली ओळख वाचायला प्रोफाइलवर कितीजण आले, आणि खासगी मेसेजमध्ये कोणी काय विचारलं. ‘छान लिहिता’ हा मेसेज गोड लागतो, पण ‘आमचा नोंदणीचा स्क्रीन बघाल का’ हा कामाचा. दोन-तीन महिने लिहूनही दुसऱ्या प्रकारचा एकही मेसेज नसेल, तर बहुधा विषय डिझायनरांचे निवडले जातायत. फॉण्ट, अॅनिमेशन, डिझाइनची हत्यारं हे विषय डिझायनरांना खेचतात. किमतीचं पान, पहिली पाच मिनिटं, पैसे भरण्याची पायरी, ग्राहक अॅप का सोडतो, हे विषय फाउंडरला.

फाउंडर या मंचांवर असतात का, हा प्रश्नच नाही. एअरबीएनबीचे ब्रायन चेस्की, ज्यांचं शिक्षणच मुळी डिझाइनचं, त्यांनी २०१६च्या नाताळात ट्विटरवर विचारलं होतं की पुढच्या वर्षी आम्ही काय आणावं. उत्तरांचा पाऊस पडला आणि ते बसून एकेकाशी बोलत राहिले. मोठी माणसं सोडा, आज आपलं पहिलं प्रॉडक्ट बाजारात आणणारा फाउंडर लाँचची पोस्ट टाकून तासातासाने खालची उत्तरं वाचत असतो. त्या जागी नेमकी एक गोष्ट सांगणारं दोन वाक्यांचं उत्तर स्वतःच्या भिंतीवरच्या थ्रेडपेक्षा जास्त काम करतं. नवख्या, चार फॉलोअर असलेल्या डिझायनरला तर सुरुवात तिथूनच करावी लागते, कारण तिचा थ्रेड पोचवायला कोणी नसतं.

इथे एक पथ्य मात्र कडक पाळावं. दुसऱ्याचं प्रॉडक्ट न विचारता चारचौघांत सोलून काढायचं की नाही, हा नाजूक प्रश्न आहे. २००९मध्ये डस्टिन कर्टिस या अमेरिकी डिझायनरने अमेरिकन एअरलाइन्सच्या संकेतस्थळावर वैतागून कंपनीला जाहीर पत्र लिहिलं आणि सोबत स्वतः केलेला नवा आराखडा जोडला. कंपनीतल्या एका डिझायनरने त्याला प्रामाणिक उत्तर पाठवलं. त्याचं म्हणणं होतं की घरबसल्या मुखपृष्ठ नवं करणं अवघड नाही, पण इथे संकेतस्थळ चालवणारी किमान दोनशे माणसं वेगवेगळ्या विभागांत विखुरलेली आहेत आणि खरी अडचण तिथे आहे. कर्टिसने नाव लपवून ते उत्तर छापलं. तरी कंपनीने त्या डिझायनरला शोधून कामावरून काढलं. कर्टिसचं नाव झालं, दुसऱ्याची नोकरी गेली.

त्यातून दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. बाहेरून दिसणारी चूक आत कशामुळे शिल्लक राहिली ते बाहेरच्याला माहीत नसतं, म्हणून ‘यांना अक्कल नाही’ या सुरात लिहिणारा डिझायनर फाउंडरला धोक्याचा वाटतो. उद्या तो आपल्याबद्दलही असंच लिहील. दुसरं असं की आकाराप्रमाणे जागा निवडावी. कोट्यवधी लोक वापरतात त्या अॅपबद्दल जाहीर बोलायला हरकत नाही. तीन माणसांच्या कंपनीतली चूक खासगी मेसेजमध्ये सांगावी. तिथून काम मिळण्याची शक्यताही जास्त, कारण जाहीर टीकेनंतर फाउंडरला आधी स्वतःची बाजू मांडावी लागते. स्क्रीनशॉट टाकताना त्यात कोणाचं नाव, नंबर, पत्ता दिसत नाही ना हे बघावं, एवढं सांगण्याची वेळ यायला नको, पण येते.

मेसेज आल्यावर पुढे काय? बरीच मंडळी इथे घसरतात. फाउंडर म्हणतो, जरा बघून सांगा ना. डिझायनर उत्साहाच्या भरात आख्खं अॅप नव्याने काढून फुकट पाठवते. फाउंडर आभार मानतो आणि ते आपल्या प्रोग्रॅमरच्या हातात देतो. त्यापेक्षा पहिल्या मेसेजला दोन-तीन वाक्यांत एक निरीक्षण फुकट सांगावं आणि पुढच्या कामाला सीमा घालावी: एकच प्रवास, समजा नोंदणीपासून पहिल्या खरेदीपर्यंतचा, तपासून त्याचं लेखी टिपण ठरलेल्या रकमेत. फाउंडरला त्यात जोखीम कमी वाटते, आणि डिझायनरलाही समोरचा माणूस वेळेवर पैसे देतो का, मतभेद झाल्यावर कसा बोलतो, ते कळतं. पगाराऐवजी नुसत्या शेअरचं आमिष दाखवणारे मेसेजही येतील. ते वाचून सोडून द्यावेत.

या वाटेवरचं वेगळं आणि बरंच गाजलेलं उदाहरण ब्रेट विल्यम्स यांचं. अमेरिकेतल्या या गृहस्थांनी २०१७मध्ये डिझाइनजॉय नावाची एकट्याची एजन्सी काढली. महिन्याला ठरलेली रक्कम भरा, कामं ट्रेलोच्या फळ्यावर टाका, ती एकेक करून होतील, मीटिंग नाही, फोन नाही. धंदा कसा चालतो, पैसे किती येतात हे ते ट्विटरवर उघडपणे लिहीत गेले आणि स्टार्टअपवाल्यांत त्यांचं नाव झालं. मग जगभर या पद्धतीच्या नकला निघाल्या. नकला करणाऱ्यांनी किमतीचं पान उचललं, मीटिंग नाही हा नियम उचलला, पोस्टची भाषासुद्धा उचलली. पण मीटिंगशिवाय काम उरकायला फाउंडरची अर्धवट सूचना वाचून नेमकं काय हवं ते ओळखण्याचा हात लागतो, तो उचलता येत नाही. शिवाय विल्यम्स यांचे वाचक मोठ्या प्रमाणावर त्यांचा धंदा बघायला येत. ज्याला धंदा नाही, डिझाइनची जाण दाखवायची आहे, त्याच्यासाठी शोगरचा नमुना जास्त सरळ: कमी बोला, स्क्रीन दाखवा.

किती लिहावं याला ठरलेलं उत्तर नाही, पण रोज मत काढायला लागलं की मतं पातळ होतात हे कोणाच्याही पानावर दिसतं. नोकरी सांभाळून आठवड्याला एक थ्रेड पुष्कळ झाला. विषय शोधायला वेगळं बसावं लागत नाही, कारण कामाच्या चर्चेत ज्या मुद्द्यावर प्रोग्रॅमर किंवा मालकाशी वाद झाला, तोच बहुधा थ्रेडचा विषय असतो. पहिल्या पोस्टवर सगळ्यात जास्त वेळ घालवावा, कारण वाचकाच्या समोर आधी तीच येते आणि बाकीची माळ तिच्यामागे दडलेली असते. बाहेरचा दुवा पहिल्या पोस्टमध्ये देऊ नये. नोव्हेंबर २०२४मध्ये खुद्द इलॉन मस्क यांनी सांगितलं होतं की मुख्य पोस्टमध्ये वर्णन लिहा आणि दुवा खालच्या उत्तरात टाका.

यातली सगळी मेहनत भाड्याच्या जागेत होते, हे मात्र विसरू नये. २०२३च्या मध्यापासून एक्सवर लॉगिन न केलेल्या माणसाला दुव्यावर गेल्यास सहसा एकच पोस्ट दिसते, खालची माळ दिसत नाही. फाउंडरने डिझायनरचा थ्रेड आपल्या भागीदाराला पाठवला आणि भागीदाराचं तिथे खातं नसेल, तर त्याच्या हाती पहिलं वाक्य तेवढं लागतं. म्हणून चांगला चाललेला प्रत्येक थ्रेड, त्यातली चित्रं आणि खाली झालेल्या वादातले कामाचे मुद्दे, पोर्टफोलिओत उतरवून ठेवावेत. ट्विटरने रेव्ह्यू ही आपली न्यूजलेटरची सेवा जानेवारी २०२३मध्ये बंद केली, तेव्हा तिच्यावर लिहिणाऱ्यांना आपला मजकूर आणि वाचकांची यादी बाहेर काढायला जेमतेम महिनाभराचा अवधी मिळाला होता.